ट्यूब किती दिवस पुरते?

सनस्क्रीनची ट्यूब सहा महिने पुरली, तर ती वापरलीच गेली नाही असं खुशाल समजा. ट्यूब पुरवून पुरवून वापरण्यात काटकसर नाही. त्यात पैसेही जातात आणि ऊनही लागतं. चेहऱ्यासाठी महिन्याला ठरावीकच पैसे बाजूला काढणाऱ्या प्रत्येक मुलीला आणि मुलालाही माझं पहिलं सांगणं हेच असतं. कोणती कंपनी, कोणतं सीरम, हे नंतर बघू. आधी सांगा, तुमची ट्यूब किती दिवस पुरते?

माझी भाची नाशिकला राहते आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. सकाळी साडेआठला दुचाकी काढते आणि संध्याकाळी सहाला परतते. वय सव्वीस, रंग सावळा, कपाळ नि नाक तेलकट, गाल कोरडे. हनुवटीवर पुळ्या येतात, त्या बसतात आणि मागे काळे डाग सोडून जातात. त्वचेसाठी महिन्याला सातशे रुपये, असं तिनं स्वतःच ठरवलेलं. घरभाडं, घरी पाठवायचे पैसे आणि पेट्रोल वजा जाता तिला तेवढेच परवडतात. मला या सातशे रुपयांबद्दल आदर आहे. ते कष्टाचे आहेत, म्हणून ते कुठे जातात याचा हिशेब नीट मांडायला हवा.

तिच्या तीन महिन्यांच्या खरेदीच्या पावत्या आम्ही दोघींनी समोर ठेवल्या. व्हिटॅमिन सी असलेला फेसवॉश 350 रुपये. टोनर 300. व्हिटॅमिन सीचं सीरम 600. नाइट क्रीम 500. आणि सनस्क्रीनची तीस ग्रॅमची ट्यूब 350. बेरीज बरोबर 2100, म्हणजे बजेटच्या बाहेर एक रुपया नाही. मुलगी शिस्तीची आहे. पण त्या 2100 मधले चौदाशे रुपये अशा वस्तूंवर गेले होते, ज्यांच्याशिवाय तिच्या चेहऱ्याचं काही अडलं नसतं, आणि जिथे हात सैल सोडायचा तिथेच तिनं तो आखडला होता.

आता त्या सनस्क्रीनकडे बघा. तीस ग्रॅम, नव्वद दिवस. दिवसाला एक तृतीयांश ग्रॅम. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावतात. मोठ्या माणसाचा चेहरा साधारण पाचशे-सहाशे चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे नुसत्या चेहऱ्याला एक ते सव्वा ग्रॅम क्रीम लागतं आणि मान धरली तर आणखी. भाची लावत होती त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकं. डबीवर 50 छापलेलं असलं तरी मात्रा घटली की संरक्षणही साधारण त्याच प्रमाणात घटतं. म्हणजे पैसे 50 चे मोजून ती पंधराच्या आसपासचं संरक्षण घेऊन रोज उन्हात जात होती.

मात्रा डोळ्यांना कळावी म्हणून मी तिला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची मापाची टोपी आणायला सांगितली. तिच्यावर अडीच मिलीची रेघ असते. त्या रेघेच्या निम्म्यापर्यंत सनस्क्रीन भरलं आणि तळहातावर काढलं.

"मावशी, एवढं थापायचं?" तिनं डोळे मोठे केले.

"एवढंच. पण एकदम नाही, दोन वेळा. आधी निम्मं लाव, पाच मिनिटं केस विंचर, मग उरलेलं लाव."

दोन थरांत लावलं की चेहरा पांढराफटक दिसत नाही आणि कानाची पाळी, केसांची कड, नाकाच्या बाजू अशा सुटणाऱ्या जागाही दुसऱ्या हातात सापडतात. तरीही पांढरी झाक राहत असेल तर ते क्रीम तुमच्या रंगाला जुळणारं नाही. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असलेली सनस्क्रीन सावळ्या चेहऱ्यावर राखेसारखी दिसतात आणि मग मुली ती कमी लावतात. अशा वेळी जेलसारखं पातळ घ्या. जे पूर्ण मात्रेत लावायला तुम्हाला लाज वाटणार नाही, ते तुमचं सनस्क्रीन.

खिशाचा प्रश्न इथेच येतो, आणि बहुतेक सल्ले इथेच घसरतात. सनस्क्रीनवर खर्च करा, असं सगळेच सांगतात. ते ऐकून माणूस दुकानातली सगळ्यात महाग ट्यूब उचलतो. 50 ग्रॅमला 900 रुपयांची ट्यूब म्हणजे ग्रॅमला अठरा रुपये. सव्वा ग्रॅमप्रमाणे दिवसाला बावीस रुपयांवर, महिन्याला पावणेसातशे. भाचीचं सगळं बजेट एका ट्यूबमध्ये संपलं. मग आपोआप बोट हलकं होतं, थेंब लहान होतो आणि महागडी ट्यूब तीन महिने पुरते. त्यापेक्षा 50 ग्रॅमला 400 रुपयांची ट्यूब पूर्ण मात्रेत लावली तर दिवसाला दहा रुपये पडतात आणि संरक्षण कितीतरी जास्त मिळतं. सनस्क्रीनवर जास्त पैसे घालायचे ते जास्त ग्रॅम विकत घेण्यासाठी. भारी नावासाठी नाही.

म्हणून खरेदी करताना पुढची बाजू सोडा आणि पाकीट उलटं करा. छापील किमतीच्या शेजारी बारीक अक्षरांत दर ग्रॅमची किंवा दर मिलीची किंमत असते. तिला सव्वानं गुणा, मग तीसनं गुणा. हा तुमच्या चेहऱ्याचा महिन्याचा खर्च. तो झेपत नसेल तर ती ट्यूब तुमच्यासाठी नाही, मग ती कितीही चांगली असो.

दर्जाच्या बाबतीत मात्र तडजोड नको, कारण एसपीएफचा आकडा घरी तपासता येत नाही. फेसवॉश वाईट निघाला तर दोन दिवसांत कळतं. सनस्क्रीन खोटं निघालं तर सहा महिन्यांनी डागांवरून कळतं. म्हणून उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख छापलेली असलेलं, माहितीतल्या कंपनीचंच घ्यावं. जत्रेतल्या गाड्यावरचं किंवा अर्ध्या किमतीत मिळतं म्हणून अनोळखी विक्रेत्याकडचं नको. एसपीएफ 30 अतिनील-बी किरणांपैकी साधारण 97 टक्के अडवतं आणि 50 साधारण 98. तेव्हा 70 आणि 100 च्या आकड्यांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. त्याऐवजी पीए या अक्षरांपुढे किती अधिकचिन्हं आहेत ते बघा. एसपीएफ प्रामुख्यानं बी किरणांबद्दल सांगतं. ढगांतून आणि खिडकीच्या काचेतून आत येणारे, डाग गडद करणारे ए किरण किती अडतात ते पीए सांगतं. तीन अधिकचिन्हं हवीतच, चार असली तर उत्तम.

ज्यांना वांग आहे, म्हणजे गालांवर आणि कपाळावर तपकिरी छटा पसरते, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. सावळ्या त्वचेत वांग साध्या दिसणाऱ्या प्रकाशानंही वाढतं आणि तो प्रकाश नेहमीचं बिनरंगी सनस्क्रीन फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाची झाक असलेलं सनस्क्रीन तो अडवतं. त्याला थोडे पैसे जास्त पडतात. वांग असेल तर ते जास्तीचे पैसे सार्थकी लागतात, नसेल तर लागत नाहीत.

आणि स्कार्फ. नाशिक-पुण्याच्या रस्त्यांवर मुली डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळून गाडी चालवतात, त्याची चेष्टा करणारे खूप आहेत. मला ती चेष्टा आवडत नाही. जाड विणीचा, गडद रंगाचा सुती स्कार्फ हे एकदाच पैसे मोजून मिळणारं संरक्षण आहे आणि मानेचं सनस्क्रीनही त्यामुळे वाचतं. फक्त तो उजेडासमोर धरून बघावा. पलीकडचं स्पष्ट दिसत असेल तर ऊनही तसंच आत येतं. आणि तो दर दोन दिवसांनी धुवायला हवा. घामानं ओला, घट्ट बांधलेला मळका स्कार्फ जबड्याच्या कडेला घासत राहिला की नेमक्या तिथेच पुळ्या येतात. भाचीच्या हनुवटीचं अर्धं कारण तेच असावं असा माझा संशय आहे. सनस्क्रीन लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी स्कार्फ बांधावा, नाहीतर क्रीम कापडालाच लागतं.

आता जिथे हात आखडायचा तिकडे वळू. फेसवॉश चेहऱ्यावर अर्धा मिनिट असतो आणि मग नळाखाली जातो. त्यातलं व्हिटॅमिन सी, केशर, सोन्याचे कण, सगळं मोरीत. त्याच्याकडून एकच काम हवं, तेल आणि मळ निघावा आणि त्वचा कोरडी पडू नये. चेहरा धुऊन पुसल्यावर दहा मिनिटं काहीही लावू नका. कातडी ताणल्यासारखी झाली, हसताना गाल ओढले गेले, तर तो फेसवॉश तुमच्यासाठी कडक आहे. काही न ओढता स्वच्छ वाटलं, तर दीडशे रुपयांचाही चांगला. आंघोळीचा साधा साबण बहुधा या परीक्षेत नापास होतो, कारण तो चांगलाच अल्कधर्मी असतो आणि त्वचा किंचित आम्लधर्मी. पुळ्यांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइडचा किंवा सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश थोडा उपयोगी पडतो, हा अपवाद मी मान्य करते. पण डॉक्टरांनी रात्रीचं जेल दिलेलं असताना त्याच्या जोडीला हे सुरू केलं तर चेहरा सोलून निघतो. म्हणून मनानं दोन्ही एकत्र सुरू करू नका.

मॉइश्चरायझरचंही तसंच. त्याची तीन कामं असतात. पाणी धरून ठेवणं, ते उडू न देणं आणि कातडी मऊ करणं. पाणी धरायला ग्लिसरीन आहे. पाणी उडू न द्यायला पेट्रोलियम जेली आहे आणि तिच्याइतकं परिणामकारक दुसरं क्वचितच काही आहे. दोन्ही अतिशय स्वस्त आहेत आणि हजार रुपयांच्या डबीतही बहुधा हीच असतात किंवा यांची भावंडं. डबीच्या मागे घटकांची यादी उतरत्या प्रमाणात छापतात. पाण्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या जागी ग्लिसरीन दिसलं, सुगंध नसला किंवा यादीच्या अगदी तळाशी असला, तर ते चांगलं मॉइश्चरायझर आहे. मग त्यावर लोशन लिहिलेलं असो, नाइट क्रीम असो की डोळ्यांखालचं क्रीम. डोळ्यांखालचं क्रीम म्हणजे पंधरा ग्रॅमच्या डबीत भरलेलं तेच आणि ग्रॅमचा दर कित्येक पट. क्रीममधल्या कोलॅजनचा रेणू कातडीच्या आत शिरण्याइतका लहान नसतो. वर बसून ओल धरतो, म्हणजे जे ग्लिसरीन करतं तेच करतो. मेडिकलमधलं शुद्ध ग्लिसरीन मात्र तसंच चेहऱ्याला फासू नका. ते चिकट असतं, काहींना चुणचुणतं. ओल्या चेहऱ्यावर, पाण्यात मिसळून लावावं. ज्यांना इसबाचा त्रास आहे किंवा ज्यांची त्वचा औषधानं सोलवटली आहे, त्यांनी सिरॅमाइड असलेल्या बिनवासाच्या क्रीमवर थोडे पैसे जास्त घातले तर चालेल. तेही मोठ्या ट्यूबमध्ये घ्यावं.

टोनर घेऊच नये. व्हिटॅमिन सीचं सीरम वाईट नाही, पण कमी पैशांत ते परवडत नाही. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड हवेनं, उजेडानं आणि उष्णतेनं बिघडतं आणि बाटली उघडल्यापासून घड्याळ सुरू होतं. भाचीच्या बाटलीतलं सीरम चहाच्या रंगावर आलं होतं. आणलं तेव्हा ते पाण्यासारखं होतं. ती रोज ते लावत होती आणि काहीच फरक कसा पडत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत होती. मला त्या बाटलीचा राग आला. त्याऐवजी नियासिनमाइड घ्या. तो टिकाऊ आहे, चार-पाच टक्क्यांत काम करतो, दहा टक्क्यांची गरज नाही, आणि स्वस्त सीरममध्ये तो पुरेसा असतो.

स्वयंपाकघराबद्दलही बोलायला हवं, कारण बजेट कमी पडलं की तिकडेच वळतात. बेसनानं चेहरा धुतल्याचं नुकसान नाही, फक्त ते खसाखसा घासू नका. पण लिंबू नको. लिंबाच्या सालीचा तेलकट रस कातडीवर राहिला आणि त्यावर ऊन पडलं की भाजल्यासारखी जळजळ होते आणि काळे पट्टे उठतात, जे महिनोन्‌महिने जात नाहीत. खाण्याचा सोडाही नको. पुळीवर टूथपेस्टही नको. फुकट म्हणून लावलेल्या लिंबाचे डाग घालवायला मग हजारो रुपये जातात.

आता दुसरी जागा, जिथे पैसे घालायलाच हवेत. औषध. आणि औषधाच्याही आधी निदान. भाचीच्या पुळ्या पुळ्याच आहेत, की बुरशी आहे, की स्कार्फच्या घर्षणानं झालेला पुरळ, हे इन्स्टाग्राम सांगू शकत नाही आणि मीही सांगू शकत नाही. त्वचारोगतज्ज्ञ सांगू शकतात. त्यांच्या पाटीवर एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल अशी त्वचारोगाची पात्रता आहे का ते वाचा. पार्लरमध्ये पांढरा कोट घातलेली व्यक्ती डॉक्टर असतेच असं नाही. खासगी तपासणीचे पाचशे-सहाशे रुपये जड जात असतील तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा, केसपेपर काढा, रांगेत उभे राहा. तिथला डॉक्टर दिवसभरात जेवढे चेहरे बघतो, तेवढे फार थोडे बघतात.

भाचीनं पहिली तपासणी खासगीत केली, 600 रुपये देऊन. डॉक्टरांनी ॲडापॅलिन 0.1 टक्क्याचं जेल लिहून दिलं. पंधरा ग्रॅमची ट्यूब दोनशे रुपयांची. हे औषध आहे, सीरमच्या कुळातलं नाही, आणि पुळ्यांसाठी त्याचा पुरावा चहाच्या रंगाच्या कुठल्याही बाटलीहून पक्का आहे. वापर अगदी थोडा. रात्री कोरड्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढा एक थेंब, तोही पुळीपुरता नव्हे, जिथे पुळ्या येतात त्या सगळ्या भागावर पसरून. पहिला महिना एक दिवस आड. त्यावर स्वस्तातलं मॉइश्चरायझर. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि पापण्या सोडून.

इथे एक गोष्ट आधी सांगितली नाही तर लोक दोन आठवड्यांत ट्यूब फेकून देतात. पहिले तीन-चार आठवडे चेहरा कोरडा पडतो, सालं निघतात, कधी पुळ्या वाढल्यासारख्याही वाटतात. खरा फरक दिसायला बारा आठवडे लागतात. मागे राहिलेले काळे डाग फिके व्हायला त्याहून जास्त, आणि तेही सकाळचं सनस्क्रीन पुरेशा मात्रेत असेल तरच. दोन्ही खर्च एकमेकांना बांधलेले आहेत. रात्रीचं जेल लावून सकाळी उघड्या चेहऱ्यानं दुचाकी चालवली, तर त्वचा जास्त चुरचुरते आणि डाग आहेत तसेच राहतात. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर ॲडापॅलिन लावायचं नाही. डॉक्टरांना आधीच सांगा. त्यांच्याकडे ॲझेलेइक ॲसिडसारखे दुसरे पर्याय असतात.

पैसे वाचवण्याचा सगळ्यात घातक मार्ग याच वळणावर भेटतो. तपासणीची फी वाचवायला माणूस मेडिकलवाल्यालाच विचारतो, "डागांसाठी काहीतरी द्या." तो एक छोटी ट्यूब पुढे करतो. आठवडाभरात चेहरा उजळतो, पुळ्या बसतात आणि ती ट्यूब मैत्रिणींमध्ये फिरते. ती उलटी करून बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, डेक्सामेथासोन, क्लोबेटासोल, यांतलं एकही नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. बऱ्याचदा त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं. डॉक्टर हे मिश्रण वांगासाठी मोजक्या आठवड्यांपुरतं, नजरेखाली देतात. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, गालांवर लाल केशवाहिन्या दिसू लागतात, बारीक लव वाढते, उन्हात नि चुलीपुढे चेहरा पेटतो, आणि ट्यूब बंद केली की पुळ्या दुपटीनं उसळतात. मग माणूस घाबरून पुन्हा तीच लावतो. 2018 मध्ये सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या शेड्यूल एचमध्ये आणली. तरीही ती मागितल्यावर मिळतात. तुम्ही आत्ता अशी ट्यूब लावत असाल तर मनानं झटक्यात बंद करू नका. ती ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

त्याहून वाईट म्हणजे नाव-पत्ता नसलेल्या डबीतलं गोरं करणारं क्रीम. अकोल्यातली एक तरुण विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्या क्रीमची तपासणी झाल्यावर त्यात भरमसाट पारा सापडला. 2023 च्या सुरुवातीला ही बातमी आली. पारा रंग लवकर उजळवतो, म्हणून घालतात. डबीवर तो कुणी लिहीत नाही. ज्या क्रीमवर उत्पादकाचा पत्ता नाही, बॅच क्रमांक नाही आणि जे आठवड्यात उजळ करण्याचं वचन देतं, ते भेट म्हणून मिळालं तरी लावू नका.

तर भाचीच्या पुढच्या तीन महिन्यांचा हिशेब असा मांडला. सनस्क्रीनच्या 50 ग्रॅमच्या दोन ट्यूब, 800 रुपये. रोज सव्वा ग्रॅम धरला तर शंभर ग्रॅम ऐंशी दिवस पुरतं. घराबाहेर पाऊल न टाकण्याचे रविवार धरले की तिमाही निघते. डॉक्टरांची फी 600. जेलच्या दोन ट्यूब 400. साधा फेसवॉश 150. ग्लिसरीनचं बिनवासाचं लोशन 150. एकूण पुन्हा 2100. त्यापुढच्या तिमाहीत फेरतपासणी ती सरकारी रुग्णालयात करणार आहे. म्हणजे फीचे सहाशे सुटतील आणि त्यांतून उन्हाळ्यासाठी सनस्क्रीनची तिसरी ट्यूब येईल, कारण एप्रिल-मे मध्ये दुपारी साइटवर जावं लागलं तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं आहे.

तिनं शेवटी विचारलं, एखाद्या महिन्यात सातशेचे तीनशेच उरले तर काय कापायचं? आधी फेसवॉश. पुळ्या येणाऱ्या चेहऱ्यालाही सकाळी नुसतं पाणी चालतं, फेसवॉश संध्याकाळी एकदाच वापरायचा, म्हणजे बाटली दुप्पट पुरते. मग लोशन. त्याच्या जागी रात्री ओलसर गालांवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर. खोबरेल तेल हातापायांना लावा, पुळ्या येणाऱ्या चेहऱ्याला नको, त्यानं छिद्रं बुजतात. जेलची ट्यूब संपत आली असेल तर एक दिवस आड लावून महिना काढता येतो. आणि त्या तीनशेमध्ये सनस्क्रीनची तीस-पस्तीस ग्रॅमची ट्यूब येते. ती फक्त चेहऱ्याला, पूर्ण मात्रेत, कामाच्या दिवशी लावायची, आणि मान, हात स्कार्फ नि पूर्ण बाह्यांवर सोडायचे.